तिसऱ्या प्रश्नासाठी आठ आठवडे

एलएलएमच्या तोंडी परीक्षेत आंतरराष्ट्रीय कायद्याचा पहिला प्रश्न सहसा सोपा असतो. ‘रूढी म्हणजे काय?’ विद्यार्थी सांगतो की देशांचं दीर्घकाळचं एकसारखं आचरण आणि ते आचरण कायद्याने बंधनकारक आहे ही त्या देशांची धारणा, या दोन गोष्टी जुळल्या की रूढी होते. त्या धारणेला ओपिनिओ ज्युरिस म्हणतात, हेही तो सांगतो. दुसरा प्रश्न येतो, ‘एखादा खटला सांगा.’ नाव आठवतं, साल आठवतं. मग परीक्षक खुर्चीत थोडे पुढे सरकून विचारतात, ‘त्या खटल्यात रूढी होती हे न्यायालयाने कशावरून ठरवलं?’ गाडी अडते ती इथे.

लेखी परीक्षेत हा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे व्याख्या, दोन खटल्यांची नावं आणि शेवटी एक परिच्छेद एवढ्यावर बरे गुण मिळतात. म्हणून लेखी परीक्षेच्या नोट्स घेऊन व्हायवाला बसणारे हुशार विद्यार्थीही पाचव्या मिनिटाला गप्प होतात. त्यांचा अभ्यास कमी नसतो, पण तो आडवा पसरलेला असतो. तोंडी परीक्षेला एकाच जागी खाली खाली उतरावं लागतं. पुढे मांडलेलं आठ आठवड्यांचं नियोजन या एका गोष्टीभोवती बांधलेलं आहे. अभ्यासक्रमाची सगळी प्रकरणं त्यात समान वाटून दिलेली नाहीत, आणि ते जाणूनबुजून केलं आहे.

वेळेचा हिशेब आधी करू. एलएलएम करणारे बरेचजण दिवसा कोर्टात, एखाद्या वकिलाच्या चेंबरमध्ये किंवा नोकरीत असतात. सकाळचे दोन तास वाचनाला आणि रात्रीचा अर्धा तास मोठ्याने बोलण्याला, एवढं धरून चाललं तर आठ आठवडे पुरतात. टेबलावर चार मूळ दस्तऐवज हवेत: संयुक्त राष्ट्रांची सनद, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं संविधिपत्र म्हणजे स्टॅट्यूट, करारांच्या कायद्यावरचा १९६९ चा व्हिएन्ना करार, आणि देशांच्या जबाबदारीविषयी आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००१ मध्ये पूर्ण केलेली कलमं. संदर्भाला माल्कम शॉ यांचं किंवा ब्राउनली यांचं एकच जाडजूड पुस्तक ठेवावं. दोन्ही ठेवली तर दोन्ही अर्धवट राहतात. आणि सहा निकाल, जे सारांशातून नव्हे, मुळातून वाचायचे. न्यायालयाच्या संकेतस्थळावर ते मोफत मिळतात. पानांची संख्या पाहून दचकू नये. जुन्या छापील खंडांत इंग्रजी आणि फ्रेंच मजकूर समोरासमोर असतो, त्यामुळे प्रत्यक्ष वाचायची पानं निम्मीच निघतात.

पहिल्या आठवड्यात फक्त स्टॅट्यूटचं कलम ३८. खटला सोडवताना न्यायालयाने कायदा कुठून घ्यायचा, हे ते सांगतं: करार, रूढी आणि कायद्याची सर्वमान्य तत्त्वं, आणि नियम शोधायला साहाय्य म्हणून न्यायालयांचे निकाल आणि विद्वानांचं लेखन. हे पाठ करायला दहा मिनिटं लागतात. आठवडा द्यायचा तो एका सवयीसाठी. अभ्यासक्रमातला कुठलाही नियम घ्या, राजदूताला अटक करता येत नाही हा घ्या किंवा प्रादेशिक समुद्र बारा सागरी मैलांचा असतो हा घ्या, आणि तो कलम ३८ च्या कुठल्या खणातून येतो ते एका वाक्यात सांगा. राजदूताचं संरक्षण १९६१ च्या व्हिएन्ना करारात आहे. पण जो देश त्या करारात नाही त्याच्यावर ते कशाने बंधनकारक? रूढीने. मग ती रूढी करारापूर्वीची की करारामुळे रुजलेली? असं दर वेळी विचारलं की आठवड्याअखेर प्रत्येक नियमाचं मूळ सांगण्याची जिभेला सवय होते. व्हायवात परीक्षकाचं मत पहिल्या तीन वाक्यांत बनतं, आणि त्या तीन वाक्यांत नियमाचं मूळ आलं की नाही हे अनुभवी परीक्षक लगेच टिपतात.

याच आठवड्यात कलम ५९ सुद्धा वाचून ठेवावं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल फक्त त्या पक्षकारांवर आणि त्या खटल्यापुरता बंधनकारक असतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो, त्यामुळे विद्यार्थी सहज बोलून जातात की ‘हेगच्या न्यायालयाने हा कायदा घालून दिला’. या वाक्यावर पुढचे पाच प्रश्न ओढवून घेतलेले मी पाहिले आहेत. ‘न्यायालयाने हा नियम रूढीत असल्याचं मान्य केलं’ असं म्हटलं की तोच विद्यार्थी सुरक्षित राहतो.

दुसरा आठवडा पूर्णपणे एका खटल्याचा. पोर्तुगाल विरुद्ध भारत, ‘भारतीय प्रदेशातून वाटेचा हक्क’, निकालाची तारीख १२ एप्रिल १९६०. मराठी विद्यार्थ्याने सुरुवात इथून करावी असं मला मनापासून वाटतं. एकतर या खटल्यात रूढीचं सगळं शास्त्र एका छोट्या भूगोलात सापडतं. शिवाय त्याचा आरंभ पेशव्यांच्या एका तहात आहे, आणि सनद, सरंजाम, जहागीर हे शब्द आपल्याला कुणी समजावून द्यावे लागत नाहीत.

हकिगत अशी. किनाऱ्यावरचं दमण पोर्तुगालकडे होतं, आणि आत, चारी बाजूंनी भारताने वेढलेले, दादरा आणि नगर हवेली हे दोन मुलूखही. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी हे दोन्ही मुलूख मुक्त केले. संगीतकार सुधीर फडके त्या लढ्यात होते हे अनेकांना माहीत असेल. भारताने दमणहून आत जाणारी पोर्तुगीजांची वाट बंद केली. पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरात हेगला गेला आणि म्हणाला की दमणहून या मुलखांपर्यंत जाण्याचा आम्हाला हक्क आहे आणि भारताने तो मोडला.

पहिला मुद्दा १७७९ च्या पुण्याच्या तहाचा. पोर्तुगालचं म्हणणं होतं की मराठ्यांनी त्या तहाने आणि नंतरच्या १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी आम्हाला सार्वभौमत्व दिलं. न्यायालयाने ते मानलं नाही. दिला होता तो महसूल गोळा करण्याचा हक्क, वर्षाकाठी बारा हजार रुपयांचा, म्हणजे सरंजाम. मराठ्यांना मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे तेव्हा त्यांच्या तहांत तशी स्पष्ट भाषा येई, तशी ती इथे नाही, असं न्यायालयाने दाखवून दिलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढे इंग्रज आले. त्यांना पोर्तुगीज तिथे प्रत्यक्ष राज्य करताना दिसले, आणि इंग्रजांनी ते राज्य आचरणातून मान्य केलं. स्वतंत्र भारतानेही काही काळ तेच पुढे चालवलं. म्हणजे तहाने जे मिळालं नव्हतं ते पुढच्या वागण्यातून मिळालं.

दुसरा मुद्दा वाटेचा. भारताचा युक्तिवाद होता की फक्त दोन देशांमध्ये रूढी तयार होऊ शकत नाही. न्यायालयाने तो फेटाळला. दोघांनी दीर्घकाळ पाळलेलं आणि आपल्या संबंधांचा नियम म्हणून स्वीकारलेलं आचरण त्या दोघांपुरतं बंधनकारक का होऊ नये, असं न्यायालय म्हणालं. मग पुरावा तपासला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या वाटेने बिनदिक्कत जात-येत होता. भारताचं नियमन आणि नियंत्रण त्यावर होतं, पण वाट मोकळी होती. हा हक्क ठरला, अकरा विरुद्ध चार मतांनी.

सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रं यांचं काय? तीही जात होती, आणि वर्षानुवर्षं जात होती. पण १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर ती रीतसर परवानगी मागून जात होती. जो दर वेळी परवानगी मागतो तो आपल्याला हक्क आहे असं मानत नाही. म्हणून हा हक्क नाही, आठ विरुद्ध सात मतांनी. आणि १९५४ मध्ये त्या भागात तणाव असताना भारताने वाट बंद केली ती नियमनाच्या अधिकारात बसते, म्हणून भारताने आपलं कर्तव्य मोडलं नाही, नऊ विरुद्ध सहा मतांनी.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे परत पहा. ‘रूढी होती हे कशावरून ठरवलं?’ उत्तर एका वाक्यात देता येतं: माल आणि माणसं परवानगीशिवाय गेली, सैन्य परवानगीने गेलं, आणि न्यायालयाने या फरकावर हक्काची रेघ ओढली. व्याख्येतला ओपिनिओ ज्युरिस हा अवघड भाग इथे एका परवानगीच्या अर्जात दिसतो. ज्याने हा निकाल मुळातून वाचला त्याला हे वाक्य आपोआप सुचतं. ज्याने सारांश वाचला त्याला ‘द्विपक्षीय रूढी शक्य आहे’ एवढंच आठवतं.

निकाल वाचण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. पहिल्या पानापासून वाचू नये. आधी शेवटचा आदेश वाचावा, मतांच्या आकड्यांसह. मग दोन्ही पक्षांच्या अंतिम मागण्या. मग मधलं तर्कशास्त्र. शेवटी एक भिन्नमत. या खटल्यात भारतातर्फे तदर्थ न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. त्यांचं भिन्नमत वाचलं की वाटेचा हा मर्यादित हक्कसुद्धा नाकारण्याची बाजू किती ताकदीने मांडता येते ते कळतं. वाचून झालं की पोस्टकार्डाएवढ्या कागदावर हकिगत, प्रश्न, आदेश, कारण आणि ‘परीक्षक इथून कुठे जातील’ अशा पाच नोंदी कराव्यात. पाचवी नोंद सर्वांत कामाची. या खटल्यापुढे ती अशी होईल: ‘भारत जिंकला की हरला?’, ‘सर्वसामान्य रूढी न तपासता थेट या दोघांची रूढी का तपासली?’, ‘१९६१ मध्ये गोव्यात भारताने सैन्य पाठवलं, ते कुठल्या नियमात बसतं?’ पहिल्याचं उत्तर दोन्ही बाजूंनी द्यावं लागतं. शेवटच्याचं उत्तर देताना सनदेच्या कलम २(४) पासून सुरुवात करून वसाहतवादाविरुद्धच्या भारताच्या युक्तिवादाकडे यावं, सुरक्षा परिषदेतला भारतविरोधी ठराव सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने अडला हे सांगावं, आणि पोर्तुगालने १९७४ च्या तहाने हे सार्वभौमत्व मान्य केलं इथे थांबावं.

तिसऱ्या आठवड्यात याच मुद्द्याची दुसरी बाजू, १९६९ चा उत्तर समुद्र निकाल. डेन्मार्क आणि नेदरलँड्सचं म्हणणं होतं की समुद्रतळाची हद्द दोन्ही किनाऱ्यांपासून समान अंतरावर काढण्याचा १९५८ च्या करारातला नियम आता रूढी झाला आहे, म्हणून तो करार मंजूर न केलेल्या पश्चिम जर्मनीलाही लागू आहे. पुरावा म्हणून सुमारे पंधरा उदाहरणं पुढे आली. न्यायालयाने ती तपासली. त्यांतले निम्म्याहून अधिक देश त्या करारात होतेच किंवा लवकरच आले, म्हणजे ते करारामुळे तसं वागत होते. उरलेल्यांनी तसं केलं खरं, पण कायद्याने भाग आहे म्हणून केलं याचा पुरावा नव्हता. रूढी सिद्ध झाली नाही. दादरा-नगर हवेलीच्या सैन्याचा मुद्दा आणि हा मुद्दा शेजारी ठेवून पाहिले की दिसतं, दोन्हीकडे आचरण होतं आणि दोन्हीकडे धारणेचा पुरावा नव्हता. व्हायवात एका निकालावरून दुसऱ्यावर असं स्वतःहून जाता आलं तर बोलण्याची दिशा विद्यार्थ्याच्या हातात येते.

बोलण्याचा सराव याच आठवड्यात सुरू व्हायला हवा. पुष्कळजण तो शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवतात आणि तिथेच फसतात. रात्रीच्या अर्ध्या तासात एक खटला दोन मिनिटांत सांगायचा, फोनवर रेकॉर्ड करायचा आणि लगेच ऐकायचा. ऐकताना तीन खुणा शोधायच्या. नियमाचं मूळ पहिल्या तीन वाक्यांत आलं का? ‘न्यायालयाने म्हटलं’ आणि ‘अमुक पक्षाने म्हटलं’ यांत गल्लत झाली का? आणि वाक्य ‘वगैरे’ किंवा ‘एटसेट्रा’वर संपलं का? तिसरी खूण दिसली की त्या जागी वाचन कच्चं आहे असं पक्कं समजावं. उत्तर इंग्रजीत द्यायचं असेल तर सरावही इंग्रजीतच हवा. पण विचार अडला तर आधी मराठीत स्वतःला समजावून सांगावा. मराठीत जो मुद्दा सरळ सांगता येत नाही तो इंग्रजीत नुसता झाकला जातो.

चौथा आठवडा करारांचा, आणि त्यासाठी कुलभूषण जाधव प्रकरणाचा १७ जुलै २०१९ चा निकाल. प्रकरण सगळ्यांना वर्तमानपत्रांतून माहीत आहे आणि तोच धोका आहे. ‘न्यायालयाने जाधवांच्या सुटकेचा आदेश दिला’ असं सांगणारे विद्यार्थी भेटतात. भारताने शिक्षा रद्द करण्याची आणि सुटकेची मागणी केली होती, ती मान्य झाली नाही. पाकिस्तानने वकिलातीच्या संपर्काबाबतच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ मोडलं असं ठरलं, आणि उपाय म्हणून शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, तोवर फाशी देऊ नये, असा आदेश झाला. इथे तारखा हाताशी असाव्यात. अटक ३ मार्च २०१६ ची, भारताला कळवलं २५ मार्चला. कलम ३६ मध्ये ‘विनाविलंब’ आहे. हे तीन आठवडे त्यात बसत नाहीत असं न्यायालयाने ठरवलं.

याच निकालात परीक्षकांचा एक आवडता सापळा आहे. विद्यार्थी कराराचा अर्थ लावण्याचा नियम सांगताना १९६९ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३१ सांगतो: शब्दांचा सामान्य अर्थ, संदर्भ आणि कराराचा हेतू लक्षात घेऊन, सद्भावनेने. परीक्षक विचारतात, ‘पण भारत त्या करारात नाही. मग तुम्ही ते कलम का सांगता?’ पहिल्या आठवड्याची सवय इथे उपयोगी पडते. कलम ३१ आणि ३२ मधले नियम रूढीही आहेत असं न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, आणि जाधव प्रकरणात ते याच नात्याने लावले. पाकिस्तानने २००८ च्या द्विपक्षीय कराराचा आधार घेतला होता, कारण त्यात राजकीय किंवा सुरक्षेच्या कारणाने झालेल्या अटकेबद्दल वेगळा मजकूर आहे. त्या कराराने १९६३ च्या हक्कांना कात्री लागत नाही, असं न्यायालय का म्हणालं ते निकालातून शोधून काढणं हा या आठवड्याचा गृहपाठ.

पाचव्या आठवड्यात अधिकारक्षेत्र. विषय कोरडा वाटतो, पण भारतीय विद्यार्थ्याला इथे हमखास विचारतात. कुठलाही देश आपल्या संमतीशिवाय हेगच्या न्यायालयापुढे ओढला जात नाही, आणि ती संमती कशी दिली जाते यावर सगळं अवलंबून असतं. जाधव प्रकरणात ती एका ऐच्छिक शिष्टाचार-करारातून, म्हणजे ऑप्शनल प्रोटोकॉलमधून, मिळाली. पोर्तुगालच्या खटल्यात कलम ३६(२) खालच्या घोषणांतून. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांत आला, १९ डिसेंबरला घोषणा दिली आणि २२ डिसेंबरला भारतावर खटला भरला. भारत म्हणाला, घोषणेची प्रत आमच्यापर्यंत पोहोचलीही नव्हती. न्यायालय म्हणालं, घोषणा दाखल झाली त्या दिवशीच बंधन तयार होतं. भारताच्या १९७४ च्या घोषणेत जी सवलत राखून ठेवलेली होती ती या अनुभवाशेजारी ठेवून वाचावी: समोरच्या देशाने खटल्यापूर्वी बारा महिन्यांच्या आत मान्यता दिली असेल तर आमची मान्यता लागू नाही. आणि राष्ट्रकुलातल्या देशांबाबतची सवलत कशी काम करते ते पाहायला १९९९ मध्ये पाडलेल्या पाकिस्तानी नौदलाच्या विमानाचा निकाल वाचावा. जून २००० मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून तो खटला थांबवला. ही घोषणा भारताने २०१९ मध्ये नव्याने केली. परीक्षेपूर्वी ताजा मजकूर एकदा डोळ्यांखालून घालावा.

सहावा आठवडा देशाच्या जबाबदारीचा आणि बळाच्या वापराचा. मोठा निकाल निकाराग्वाचा, १९८६ चा, पण तो अख्खा वाचायला गेलं तर आठवडा तिथेच संपेल. बंडखोरांच्या कृत्यांची जबाबदारी अमेरिकेवर टाकायला किती नियंत्रण सिद्ध व्हावं लागतं, आणि सशस्त्र हल्ला कशाला म्हणायचं, हे दोन भाग पुरेत. उरलेला वेळ एका छोट्या जुन्या निवाड्याला द्यावा.

८ जुलै १९१० ला मार्सेलिस बंदरात सावरकर ‘मोरिया’ जहाजातून समुद्रात उडी मारून किनाऱ्याला लागले. एका फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडलं आणि इंग्रजांच्या हाती दिलं. फ्रान्सने नंतर त्यांची परत मागणी केली, कारण फ्रेंच भूमीवरच्या माणसाला रीतसर प्रत्यार्पणाशिवाय नेलं होतं. दोन्ही देश हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा काही पानांचाच आहे. लवादाने मान्य केलं की प्रक्रियेत अनियमितता झाली, पण इंग्रजांनी फसवणूक किंवा बळ वापरलं नव्हतं. परक्या देशाच्या अधिकाऱ्याच्या चुकीमुळे कैदी हाती आला तर तो परत करावा असा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असा निष्कर्ष काढून लवादाने फ्रान्सची मागणी फेटाळली.

हा निवाडा वाचून मन विषण्ण होतं, आणि तसं व्हावंही. परीक्षेत मात्र तो वेगळ्या कारणासाठी मोलाचा आहे. २००१ च्या कलमांपैकी कलम ४ प्रमाणे पोलिसाचं कृत्य हे त्या देशाचंच कृत्य. इथे फ्रेंच पोलिसाचं कृत्य फ्रान्सचंच ठरतं, मग फ्रान्स तक्रार कशी करणार? आज हीच घटना घडली तर माणसाच्या हक्कांचे करार मध्ये येतील, छळाचा धोका असलेल्या ठिकाणी माणूस सोपवायचा नाही हा नियम येईल, आणि तेव्हा फक्त फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात अडकलेल्या प्रश्नात सावरकरांचा स्वतःचा हक्कही उभा राहील. शंभर वर्षांत या कायद्यात काय बदललं हे एका माणसाच्या अनुभवावरून सांगता येणं, यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचत नाही.

सातव्या आठवड्यात नवं काही वाचायचं नाही. एक मित्र आणि शक्य असेल तर एक शिक्षक समोर बसवून एक दिवसाआड वीस-वीस मिनिटांच्या सराव मुलाखती द्यायच्या. प्रश्न विचारणाऱ्याला एकच सूचना: प्रत्येक उत्तरावर ‘कशावरून?’ विचारा आणि विद्यार्थी थांबेपर्यंत थांबू नका. एका विद्यार्थिनीचा असा सराव मी ऐकला होता. मैत्रिणीने विचारलं, ‘जाधव प्रकरणात फेरविचार हाच उपाय का?’ ती म्हणाली, ‘आधीच्या मेक्सिकोच्या खटल्यात तोच दिला होता.’ ‘पण कलम ५९ प्रमाणे तो निकाल पाकिस्तानवर बंधनकारक कुठे होता?’ थोडं थांबून ती म्हणाली, ‘बंधनकारक नव्हता. पण कराराचं तेच कलम, उल्लंघन तेच, म्हणून न्यायालयाने आपलं तर्कशास्त्र सुसंगत ठेवलं. कलम ३८ मध्ये निकाल साहाय्यक म्हणून येतात ते असे.’ त्या थांबण्यात काही गैर नव्हतं. विचार करायला घेतलेले चार सेकंद परीक्षकाला खटकत नाहीत; खटकतं ते विचार न करता पुढे ढकललेलं वाक्य.

उत्तर येत नसेल तेव्हा काय म्हणायचं याचाही सराव याच आठवड्यात करावा. ‘माहीत नाही’ एवढ्यावर थांबलं की दार बंद होतं. ‘हा निकाल मी वाचलेला नाही, पण प्रश्न रूढीचा असेल तर मी आधी आचरण आणि मग धारणेचा पुरावा शोधेन’ असं म्हटलं की परीक्षक तिथून पुढे प्रश्न विचारू शकतात. खोटं साल किंवा न वाचलेल्या निकालाचं नाव मात्र कधीही सांगू नये. बाहेरून आलेले परीक्षक बहुधा त्याच निकालावर शिकवत असतात.

आठवा आठवडा दोन गोष्टींसाठी. पहिली म्हणजे भारताचा अंतर्गत कायदा आणि आंतरराष्ट्रीय कायदा यांचा दुवा. राज्यघटनेचं कलम ५१(क) नव्हे, ५१ मधलं खंड ‘सी’, जे आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर राखायला सांगतं. मूलभूत कर्तव्यांच्या ५१-अ शी त्याची गल्लत नेहमी होते. कलम २५३, ज्याने करार अंमलात आणण्यासाठी संसदेला कायदा करता येतो. आणि १९९७ चा विशाखा निकाल, जिथे संसदेचा कायदा नसताना सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं दिली. करार घटनेशी विसंगत नसेल आणि देशातल्या कायद्यात पोकळी असेल तेव्हा हे करता येतं, ही मर्यादा सांगितल्याशिवाय विशाखाचं नाव घेऊ नये.

दुसरी गोष्ट ताज्या घडामोडी, आणि त्यांतली एकच नीट वाचावी. हवामान बदलाबाबत देशांची कर्तव्यं काय, यावर हेगच्या न्यायालयाने २३ जुलै २०२५ ला सल्लागार मत दिलं. हे मत निवडण्याचं कारण असं की पहिल्या आठवड्यापासून केलेला सगळा अभ्यास त्यावर वापरता येतो. परीक्षक विचारतील, ‘हे बंधनकारक आहे का?’ सल्लागार मत स्वतः बंधनकारक नसतं. पण न्यायालयाने त्यात जी कर्तव्यं सांगितली ती हवामानाच्या करारांतून आणि इतर देशांचं मोठं नुकसान होऊ न देण्याच्या रूढीतून येतात, आणि ते करार आणि ती रूढी मुळातच बंधनकारक आहेत. म्हणजे कर्तव्य मतामुळे जन्मलं नाही, मतात ते ओळखलं गेलं. एवढं बोलून झालं की परीक्षक बहुधा विचारतील, ‘रूढीतून, असं म्हणता. कशावरून?’ त्यासाठी मतातले रूढीविषयीचे परिच्छेद परीक्षेच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा वाचावेत, आणि त्या दिवशी दुसरं काही वाचू नये.